टाकीतल्या बुडबुड्यांबद्दल खुलासा

प्रोसेको या इटलीतल्या फसफसत्या वाइनबद्दलचा दावा: “प्रोसेकोत गॅस बाहेरून भरतात, म्हणून बुडबुडे मोठे. शॅम्पेनचेच खरे.”

हे चूक आहे. दोन्हींत गॅस यीस्टच तयार करतं. लिटरमागे साधारण 4 ग्रॅम साखर आंबली की 1 बार दाब वाढतो. शॅम्पेनच्या बाटलीत लिटरमागे साधारण 24 ग्रॅम घालतात, म्हणून सुमारे 6 बार. प्रोसेको बंद टाकीत आंबते आणि दाबाखालीच गाळून भरतात. बाहेरून गॅस सोडणं ही तिसरीच, स्वस्त पद्धत.

फरक खरा आहे तो यीस्टच्या गाळाचा. शॅम्पेन गाळावर किमान 12 महिने राहते. मेलेल्या पेशींतून सुटणारी प्रथिनं फेसाला धरून ठेवतात. शिवाय बुडबुडा उगवतो तो बहुधा ग्लासातल्या कापडाच्या तंतूवर. अगदी स्वच्छ, गुळगुळीत ग्लासात उत्तम शॅम्पेनही निपचित दिसते.