पट्ट्यांमधली रिकामी जागा ‘वाया गेलेले दिवस’ नसते : त्या फॉरवर्डला उत्तर

“साइटवरच्या बार चार्टचा फोटो काढा, फक्त पट्ट्यांचा. बोटाने मोजा, सुरुवात आणि दिवस लिहा. एक पट्टी जिथे संपते तिथून जी सुरू होते ती तिच्यावर अवलंबून. मधे रिकामी जागा दिसली तर ते वाया गेलेले दिवस, ओढून जोडून टाका, काम 15-20 दिवस लवकर संपतं. 10 मिनिटांत पूर्ण शेड्यूल हातात!”

हा मेसेज महिनाभर ग्रुपवर फिरत होता, मी वाचून सोडून दिला होता. पण परवा भाच्याचा फोन आला. तो यवतमाळ जिल्ह्यात एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या कामावर सुपरवायझर आहे. म्हणे, “मामा, शेड्यूल बसवलं ना मी, सात दिवस वाचवले, सेंट्रिंगवाल्याले 14 मार्चले सेंट्रिंग काढाले बोलावलं.” मी विचारलं स्लॅब कधी भरला, तर 6 मार्च. आणि गाळा, म्हणजे स्लॅबखालच्या दोन आधारांमधलं अंतर, केवढा, तर 4.8 मीटर. तेव्हा मात्र राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी रिकाम्या जागेचंच बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी तारीख चुकते, या चुकीने माणूस मरू शकतो.

त्याच्या चार्टमधे स्लॅब भरायची पट्टी 6 मार्चची, एकच दिवसाची. सेंट्रिंग काढायची पट्टी 21 मार्चपासून. मधे 7 ते 20 असे 14 दिवस कोरे. मेसेज वाचून पोराने ती जागा ओढली. पूर्ण नाही ओढली, स्लॅब दुसऱ्या दिवशी मोकळा करत नाहीत एवढं त्याला कळतं, म्हणून मनाने 7 दिवस ठेवले. आता हा 7 चा आकडा कुठून आला? तो आपल्या कॉंक्रीटच्या कोडमधेच आहे, IS 456:2000, कलम 11.3.1. पण तिथे 7 दिवस हे 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालच्या टेकूंसाठी आहेत. गाळा 4.5 च्या वर गेला की 14 दिवस. याचा गाळा 4.8. आणि हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत, दुसरं सिमेंट असेल तर त्यात योग्य तो बदल करा असं कोड सांगतो. याच्या साइटवर पीपीसीच्या गोण्या आहेत, पीपीसीला सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणजे 14 च्या खाली यायचा प्रश्नच नाही. त्या कोऱ्या जागेत कोणी माणूस काम करत नव्हता म्हणून तिथे पट्टी नव्हती, पण कॉंक्रीट पकत होतं, पाणी मारणं चालू होतं. चार्ट बनवणाऱ्याने ती जागा मोजून सोडली होती.

सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात, रोजचं भाडं चढतं, लवकर काढायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून असा मेसेज आला की लोकांना पटतो. मी पोराला तिथल्या तिथे सेंट्रिंगवाल्याला फोन करायला लावला.

पण रिकामी जागा दिसली की प्रत्येक वेळी 14 दिवसच समजायचं असंही नाही. त्याच चार्टमधे वीटकाम 24 फेब्रुवारीला संपतं आणि सेंट्रिंग लावणं 26 ला सुरू होतं. मधला 25 तारखेचा दिवस कोरा. ते काय आहे? बुधवार. त्या गावचा बाजार बुधवारी, त्या दिवशी मजूर येतच नाही, रविवारी येतो. म्हणजे तिथे मधे थांबायचं काहीच नाही, वीटकाम संपलं की पुढच्या कामाच्या दिवशी सेंट्रिंग. दोन कोऱ्या जागा, एक सुट्टीची आणि एक कॉंक्रीट पकायची, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायचं कसं, तर आधी साइटची सुट्टी कोणत्या वारी ते विचारायचं आणि कोरी जागा त्या वारावर पडते का पाहायचं. त्यानेही जी जागा भरून निघत नाही ती मुद्दाम ठेवलेली आहे असं धरायचं आणि कारण विचारायचं. कारण कळेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आता बोटाने मोजायचं. मोबाइलच्या स्क्रीनवर 12 आठवड्यांचा चार्ट 15 सेंटीमीटरमधे बसला तर एक दिवस दोन मिलिमीटरपेक्षा कमी. बोटाखाली पाच-सहा दिवस झाकले जातात! त्यात फोटो तिरका काढलेला असला की जवळच्या बाजूचा आठवडा रुंद आणि लांबचा अरुंद. म्हणून आधी फोनच्या स्कॅनवाल्या मोडने कागदाचे चार कोपरे पकडून फोटो सरळ करायचा आणि मग दोन-तीन आठवड्यांचे रकाने मोजून सारखे आहेत का पाहायचं. आम्ही सरळ केला तेव्हा 2 फेब्रुवारीची रेघ 420 पिक्सेलवर आली आणि 27 एप्रिलची 2100 वर. मधे 84 दिवस, म्हणजे एका दिवसाला 20 पिक्सेल. एक्सेलच्या शीटमधे बी1 मधे 2 फेब्रुवारी टाकली, सी रकान्यात पट्टीच्या डाव्या कडेचा पिक्सेल, की सुरुवातीची तारीख अशी निघते:

```
=$B$1+(C5-420)/20
```

स्लॅबची पट्टी 1060 ला सुरू, म्हणजे 32 दिवस पुढे, 6 मार्च. उजवी कडा 1080 ला, तिची तारीख 7 मार्च येते. इथे बरेच जण फसतात. उजवी कडा म्हणजे काम संपल्यानंतरच्या दिवसाची सुरुवात, म्हणून शेवटच्या तारखेसाठी एक दिवस वजा करायचा. नाहीतर प्रत्येक काम एक दिवस लांबतं आणि पुढच्यावर चढलेलं दिसतं.

दिवस लिहायचं म्हटलं तर तेही मोजून सरळ उतरवता येत नाहीत. वीटकामाची पट्टी 560 ते 880, म्हणजे 16 दिवस. पण त्यात 11 आणि 18 असे दोन बुधवार आहेत, काम 14 दिवसांचंच. पोराने एमएस प्रोजेक्टमधे 16 टाकले आणि कॅलेंडर जसं येतं तसंच ठेवलं, ते सोमवार ते शुक्रवारचं असतं, शनिवार-रविवार सुट्टी. त्यामुळे 9 फेब्रुवारीला सुरू झालेलं वीटकाम 24 ऐवजी 2 मार्चला संपायला लागलं. आधी कॅलेंडर बनवा, बुधवार बंद आणि बाकी सहा दिवस चालू, मग दिवस टाका.

‘पट्टी संपते तिथून’ वाला नियम तर मला कळतच नाही कोणी शोधला. याच्या चार्टमधे कंपाउंडचे खड्डे खोदायचं काम 5 मार्चला संपत होतं आणि स्लॅब 6 ला. नियम लावला की स्लॅब खड्ड्यांवर अवलंबून! म्हणजे खड्डेवाला चार दिवस आला नाही की कागदावर स्लॅब चार दिवस पुढे. आणि ज्यावर खरंच अवलंबून आहे त्यातलं एक सुटलं. स्लॅबच्या आधी लोखंड बांधणं आणि लाइटचे पाइप टाकणं दोन्ही व्हायला पाहिजे, दोन्ही पट्ट्या 5 तारखेलाच संपतात, पोराने लोखंड आणि खड्डे घेतले, पाइप राहिले. पाइप विसरून स्लॅब भरला असता तर नंतर छिन्नी लावत बसले असते. लोखंड तर सेंट्रिंग संपायच्या आधीच, सेंट्रिंग सुरू झाल्यावर तीन दिवसांनी सुरू होतं, ती जोडणी सुरुवातीपासून सुरुवातीला आहे, पट्टीच्या शेवटाशी तिचा संबंधच नाही.

पट्ट्यांचा चार्ट गॅंट यांनी 1910 च्या दशकात चालवला, कामं एकमेकांना जोडून तारखा काढायची क्रिटिकल पाथ पद्धत 1957 च्या सुमारास आली. बाण नसलेली पट्टी तुम्हाला फक्त केव्हा ते सांगते, कोणामुळे ते सांगत नाही. बाण असतील तर टोकाकडून मागे जायचं, कारण टोक स्पष्ट छापलेलं असतं, शेपूट बाकीच्या पट्ट्यांमागे हरवते. शेपूट नाही सापडली तर त्या ओळीत प्रश्नचिन्ह टाकायचं, अंदाज टाकायचा नाही.

आणि फक्त पट्ट्यांचा फोटो काहून काढायचा? मी पोराला पुन्हा भिंतीकडे पाठवलं, पूर्ण कागदाचा फोटो मागवला. डाव्या बाजूला तक्ता होता, त्यात `Predecessors` नावाचा, म्हणजे कोणतं काम कोणत्या कामावर अवलंबून ते सांगणारा, रकाना होता, आणि सेंट्रिंग काढायच्या ओळीत छापलेलं होतं `8FS+14ed`. आठवं काम, म्हणजे स्लॅब, संपल्यावर 14 दिवस. `ed` म्हणजे सुट्टीसकट सलग दिवस, कारण कॉंक्रीट बाजाराच्या दिवशीही पकतं. नुसतं `14d` असतं तर दोन बुधवार वगळून 23 मार्च आला असता. ज्या जागेवर इतका वाद झाला तिचं उत्तर त्या कागदावर होतं, मेसेजच्या सांगण्यावरून फोटोतून कापलं गेलं.

एक मान्य करतो. हा रकाना आणि तारखांचे रकाने छापलेले असतील आणि फोटोत वाचता येत असतील तर फोटोवरून चांगली यादी बनते, मूळ फाइल मिळाली नाही तरी चालतं. तेवढं खरं आहे. आमची यादी शेवटी अशी झाली, शेवटच्या रकान्यात ज्यावर अवलंबून ते काम, आणि `SS` म्हणजे सुरुवातीपासून सुरुवातीला:

```
4  वीटकाम           9 फेब्रु   14 दिवस  3
5  सेंट्रिंग लावणे     26 फेब्रु   6 दिवस  4
6  लोखंड बांधणे      1 मार्च    4 दिवस  5SS+3d
7  लाइटचे पाइप      5 मार्च    1 दिवस  6SS+3d
8  स्लॅब भरणे        6 मार्च    1 दिवस  6,7
9  सेंट्रिंग काढणे     21 मार्च          8FS+14ed
```

यादी बरोबर आहे की नाही हे पाहायची पद्धत एकच आहे आणि मेसेजमधे ती नाही. एमएस प्रोजेक्टमधे सुरुवातीच्या तारखा हाताने टाकायच्या नाहीत. टाकल्या की तो ‘याच्या आधी सुरू करू नका’ अशी अट मानतो आणि जोडणी सुटलेली असली तरी तारीख बरोबरच दिसते, चूक झाकली जाते. पहिल्या कामाची तारीख द्यायची, बाकीच्यांना दिवस आणि जोडणी, आणि त्याला तारखा काढू द्यायच्या. मग त्या फोटोतल्या तारखांशी ओळीने ताडायच्या. काढलेली तारीख फोटोतल्यापेक्षा आधी आली तर एखादी जोडणी किंवा मधले दिवस सुटले, किंवा सामान येण्यासारखी अट आहे. उशिरा आली तर एखादी खोटी जोडणी लागली किंवा कॅलेंडर-दिवस चुकले. स्लॅबनंतरचे 14 दिवस काढून पाहिले तर नववी ओळ 7 मार्च दाखवते आणि फोटोत 21, तो फरकच सांगतो काय सुटलं ते.

10 मिनिटांचं म्हणाल तर 19 ओळींना आम्हाला दोघांना अडीच तास लागले, फोनवर. त्यातही दोन बाणांची शेपूट सापडली नाही, प्लास्टर आणि खिडक्यांच्या ओळींमधली. तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे आणि चार्ट बनवणाऱ्याला विचारायला पोरगा सोमवारी तालुक्याला जाणार आहे.