पुढच्या तारखेचा चेक आणि ‘दोन दिवस आधी’चा सल्ला

“पुढच्या तारखेचा चेक हातात असेल तर तारखेची वाट बघत बसू नका. क्लिअरिंगला दोन दिवस लागतातच, म्हणून दोन दिवस आधी भरून टाका, बँक घेते. चेकची मुदत दिल्या दिवसापासून तीन महिने असते. आणि देणाऱ्याने तारखेआधी पेमेंट थांबवले तर तुमच्या हातात काही उरत नाही.”

वर दिलेल्या सल्ल्याच्या पहिल्या विधानात ‘बँक घेते’ या दोन शब्दांनी घोळ घातला आहे. चेक काउंटरवर किंवा पेटीत स्वीकारणे वेगळे आणि तो वटवण्यासाठी देणाऱ्याच्या बँकेपुढे मांडणे वेगळे. भाडेकरूने दिलेले अकरा महिन्यांचे अकरा चेक एकदम सांभाळायला घेऊन ज्याच्या त्याच्या तारखेला मांडण्याची सोय काही बँका देतात. तिथेही मांडणी तारखेलाच होते, आधी नाही.

याचे कारण चेकच्या व्याख्येतच आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम ६ प्रमाणे चेक म्हणजे बँकेवर काढलेली आणि मागताक्षणी देय असलेली हुंडी. पुढची तारीख घातलेला कागद त्या तारखेपर्यंत मागताक्षणी देय नसतो, म्हणून तोवर तो फक्त हुंडी असतो आणि त्यावरची तारीख उजाडली की त्याचा चेक होतो. अनिलकुमार साहनी विरुद्ध गुलशन राय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हेच स्पष्ट केले. बँकेच्या बाजूने पाहिले तर चेक हा खातेदाराने दिलेला हुकूम आहे, आणि हुकूमच ‘चोवीस नोव्हेंबरला द्या’ असा असेल तर वीस तारखेला पैसे देण्याचा अधिकार बँकेला पोचत नाही.

एक व्यवहार डोळ्यासमोर आणू. कोथरूडच्या एका किराणा दुकानदाराने मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्याकडून १,८०,००० रुपयांचा माल उधारीवर उचलला आणि १० ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या हातात २४ नोव्हेंबर २०२५ तारखेचा चेक दिला. समजा, नजरचुकीने तो ऑक्टोबरअखेरच वटला. दुकानदाराच्या खात्यात त्या वेळी दोन लाख होते, आणि त्यांतूनच त्याने नोकरांच्या पगाराचे व विजेच्या बिलाचे चेक काढले होते. ते आता पैशाअभावी परत जातील. हा दोष दुकानदाराचा नाही. बँकेला ती रक्कम खात्यात परत जमा करावी लागेल, आणि पैसे असायला हवे होते तरी चेक नाकारले म्हणून याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली नुकसानभरपाईची मागणीही तिच्यावर येऊ शकेल. म्हणूनच काउंटरवरच्या माणसाची नजर रकमेआधी वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारखेच्या आठ चौकोनांवर जाते. मी क्लिअरिंगच्या टेबलावर होतो तेव्हा सहीपेक्षा ते चौकोन आधी वाचायची सवय लागली होती, आणि ती अजून गेलेली नाही.

मग ‘मी दोन दिवस आधी टाकला होता, पास झाला’ असे सांगणारे खोटे बोलतात का? बहुधा नाही. वरच्याच उदाहरणात २४ नोव्हेंबर हा सोमवार होता. व्यापाऱ्याने शनिवारी, २२ तारखेला, शाखेबाहेरच्या पेटीत चेक टाकला असता, तर तो चौथा शनिवार म्हणून बँक बंद, रविवारी बंद, आणि पेटी उघडून चेक स्कॅन झाला असता तो थेट सोमवारी. चेक वटला असता, पण वटला असता तो तारखेलाच. हाच चेक त्याने शुक्रवारी सकाळी टाकला असता, तर त्याच दिवशी स्कॅन होऊन ‘पुढील तारखेचा चेक’ या कारणाच्या मेमोसह परत येण्याचीच शक्यता अधिक होती, आणि भरणाऱ्याचीच चूक म्हणून परतीचा आकारही त्याच्याच खात्याला लागू शकला असता. अशा परतीने चेक मरत नाही. तोच कागद २४ ला किंवा त्यानंतर पुन्हा भरता येतो. मात्र या परतीच्या मेमोवर, चेक न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या याच अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला उभा राहत नाही, कारण पैसे नसल्याने नव्हे, तर घाई केल्याने तो परत आलेला असतो.

‘दोन दिवस लागतात’ हा हिशेबही आता जुना झाला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकच्या प्रतिमा दिवसभर, ठरलेल्या वेळेत, जशा स्कॅन होतील तशा पुढे जातात, आणि चेक ज्या बँकेवर काढला आहे तिने होकार किंवा नकार संध्याकाळी ७ पर्यंत कळवायचा असतो. सोमवारी सकाळी भरलेल्या चेकचा निकाल बहुतेक वेळा सोमवारीच लागतो, तेव्हा आधी भरून मिळवण्यासारखे काही उरलेले नाही. चेकवरची तारीख रविवारची असेल तरीही चेक वैध असतो. तो सोमवारी भरावा, शुक्रवारी नव्हे.

मुदतीबद्दल थोडक्यात सांगता येते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, आणि ती चेकवर लिहिलेल्या तारखेपासून मोजायची असते. आपल्या व्यापाऱ्याने दिल्या दिवसापासून मोजली असती, तर ९ जानेवारीलाच चेक बाद झाला असे समजून तो हातावर हात ठेवून बसला असता. प्रत्यक्षात तो २३ फेब्रुवारी २०२६ पर्यंत भरता आला असता. तसेच मोजले तर सहा महिन्यांनंतरच्या तारखेचा चेक जन्मण्याआधीच मरेल, आणि भाड्याच्या चेकचे गठ्ठे देण्याची पद्धतच बंद पडेल.

पेमेंट थांबवण्याविषयीचे विधान सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे, कारण ते वाचून माणूस चेक भरायलाच जात नाही. समजा, दुकानदाराने १५ नोव्हेंबरला बँकेला पत्र देऊन पेमेंट थांबवले. तसे करण्याचा त्याला हक्क आहे आणि बँक चेक परत करीलच. पण गोवाप्लास्ट विरुद्ध चिको उर्सुला डिसूझा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले की चेकच्या तारखेपूर्वी असे पत्र दिल्याने कलम १३८ मधून सुटका होत नाही. चेक कर्ज किंवा देणे फेडण्यासाठी दिला होता असे कलम १३९ प्रमाणे गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढणे देणाऱ्यावर असते. खात्यात पुरेसे पैसे होते आणि तांदूळ किडका निघाल्याने थांबवले, असे दुकानदाराने सिद्ध केले तर तो सुटू शकतो. नुसते पत्र पुरेसे नाही.

म्हणून व्यापाऱ्याने पत्राची बातमी कानावर आली तरी २४ नोव्हेंबरला किंवा त्यानंतर मुदतीत चेक भरायलाच हवा, कारण मांडणी झाल्याशिवाय परतीचा मेमो मिळत नाही. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवस देणाऱ्याला पैसे भरण्यासाठी असतात, आणि तेही उलटले की पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची असते. तो मेमो पाकिटासकट जपून ठेवावा. तक्रारीला तो जोडावा लागतो.