बँकेला लिहायचा अर्ज एक नव्हे, दोन

अवकाळी पावसाने पीक गेले की शेतकरी बँकेला एकच अर्ज लिहितो : "माझे पूर्ण नुकसान झाले आहे, तरी पीक विमा मंजूर करून कर्ज नवे-जुने करून द्यावे, ही नम्र विनंती." असे अर्ज मी बरेच वाचले आहेत आणि काही लिहूनही दिले आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की हा अर्ज फाईलला लागतो, पण त्यातून काही निघत नाही, कारण विम्याची रक्कम मंजूर करणे बँकेच्या हातात नसते. ते काम विमा कंपनीचे. शाखा व्यवस्थापक तेवढेच सांगून अर्ज बाजूला ठेवतात आणि त्याच कागदावरची कर्जाची मागणीही मागे पडते.

मग विम्याच्या बाबतीत बँकेकडे मागायचे काय? कर्जदार शेतकऱ्याचा हप्ता बँक त्याच्या खात्यातून कापते आणि पीक, गट क्रमांक व क्षेत्र ही माहिती विमा पोर्टलवर भरते. त्या भरण्यात चूक झाली आणि शेतकरी भरपाईला मुकला, तर ती भरपाई देण्याची जबाबदारी संबंधित बँकेची असते, हे प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेले आहे. बँकेकडे हक्काने मागण्यासारखी गोष्ट ही आहे आणि नेमकी हीच कोणी मागत नाही.

मार्च २०२३ मधील पावसाचे उदाहरण सांगतो. आमच्या भावकीतील एका शेतकऱ्याचा दोन हेक्टरवरील हरभरा काढून रानात पडलेला होता. पावसानंतर घाटे काळे पडले आणि तळच्या थरातील दाण्यांना तिथेच मोड आले. कापून सुकायला ठेवलेल्या पिकाचे असे नुकसान झाले, तर त्या हंगामात बहात्तर तासांच्या आत पूर्वसूचना द्यावी लागत होती. ती त्यांनी वेळेत दिली. पुढे कळले की पोर्टलवर त्यांच्या गटात हरभऱ्याऐवजी ज्वारी नोंदवलेली आहे. रब्बीत दोन्हींच्या हप्त्याचा दर विमा संरक्षित रकमेच्या दीड टक्काच होता आणि पासबुकातील कपातीवरून त्यांच्या काही लक्षात आले नव्हते. तलाठ्यांचा पंचनामा हातात होता, पण तो शासकीय मदतीसाठी असतो. विमा कंपनीची पाहणी वेगळी.

त्यांच्यासाठी मी पहिला अर्ज असा लिहिला : "माझ्या खात्यातून हरभरा पिकाचा विमा हप्ता कपात झाला आहे. सातबारावर व ई-पीक पाहणीत हरभऱ्याचीच नोंद आहे. तरीही पोर्टलवर ज्वारी नोंदवली गेली असल्याने ती दुरुस्त करण्यासाठी आपण विमा कंपनीस लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत मला द्यावी. ही चूक शाखेकडून झाली असल्यास होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर राहील." सोबत पासबुकाच्या पानाची, सातबाराची आणि विमा पावतीची प्रत जोडली. यात विनवणीचा एकही शब्द नाही आणि नसावा.

दुसरा अर्ज फक्त कर्जाचा. नवे-जुने करणे म्हणजे जुने कर्ज व्याजासह पूर्ण भरून पुन्हा उचलणे. पीक हातचे गेलेल्या माणसाने ती रक्कम आणायची कुठून? सावकाराकडून चार दिवसांसाठी, आणि तेही त्याच्या दराने. शाखेत यालाच नियमित राहणे म्हणतात, याची मला मनापासून चीड येते. नैसर्गिक आपत्तीत मागायचे असते ते कर्जाचे पुनर्गठन. त्या वेळच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जाहीर आपत्तीत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर पीक कर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करता येत होते : नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास दोन वर्षांपर्यंत, त्याहून जास्त असल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि दोन्हींत पहिले वर्ष वसुलीला सवलत. पुढच्या हंगामासाठी नवे कर्जही मिळू शकत होते. अट एकच, पण कडक : आपत्तीच्या दिवशी कर्ज थकीत नसावे. म्हणून अर्जात कर्ज उचलल्याची तारीख, परतफेडीची मुदत आणि पाऊस पडल्याची तारीख या तिन्ही एकाच वाक्यात याव्यात. तलाठ्यांच्या पंचनाम्याचा खरा उपयोग इथे होतो.

पुनर्गठनाची एक बाजू शेतकऱ्याला आधीच सांगायला हवी. व्याज सवलत सहसा पहिल्या वर्षापुरतीच राहते आणि पुढे बँकेचा नेहमीचा दर लागतो. ज्याला दुसऱ्या पिकातून मुदतीत भरणे झेपणार आहे, त्याने पुनर्गठन मागू नये.

विम्याच्या बाजूने आता आणखी एक बदल झाला आहे. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे आधार वगळले आणि भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. मंडळाचे उंबरठा उत्पादन, म्हणजे भरपाईसाठी आधीच ठरवलेली उत्पादनाची पातळी, हेक्टरी आठ क्विंटल असेल आणि प्रयोगात सहा क्विंटल आले, तर विमा संरक्षित रकमेच्या पंचवीस टक्के मिळतात. एकट्याचे रान वाहून गेले तरी मंडळाची सरासरी टिकली, तर काहीच नाही. त्यामुळे अर्जापूर्वी आपल्या हंगामाचा शासन निर्णय वाचावा, आणि दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतींवर शाखेचा शिक्का, सही व आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.