व्हार म्हणजे तेरावा वाईट दिवस, सर्वांत वाईट नव्हे

‘पोर्टफोलिओ १ लाखाचा आहे. मागच्या २५० दिवसांच्या खऱ्या परताव्यांवरून ९५ टक्क्यांचा डेली व्हार काढला, तो १,८०० आला. म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त १,८०० जाऊ शकतात. आकडे प्रत्यक्ष बाजारातले असल्याने यात गृहीतक काहीच नाही. त्याच २५० दिवसांवर तपासून पाहिलं, १२च दिवशी तोटा त्याहून जास्त झाला, तेव्हा आकडा बरोबर आहे. महिन्याची जोखीम हवी असेल तर २२ने गुणा.’

व्हार म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क, तोट्याच्या जोखमीचा एक आकडा, आणि वरचा हिशेब तो कसा चुकीचा वाचला जातो याचा नमुना. त्यातल्या ‘जास्तीत जास्त’ या शब्दांपासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आकडा कसा निघतो ते बघा. समजा निम्मे पैसे इंडेक्स फंडात, ३० टक्के एका शेअरमध्ये आणि २० टक्के बॉण्ड फंडात आहेत. मागच्या वर्षातला एक दिवस घ्या: फंड २ टक्के खाली, शेअर ३ टक्के खाली, बॉण्ड अर्धा टक्का वर. आजच्या वाट्याने गुणून बेरीज केली की –१.०, –०.९ आणि +०.१ मिळून –१.८ टक्के होतात. असे २५० आकडे काढायचे आणि सर्वांत वाईट दिवस वर येईल असे लावायचे. २५०चे ५ टक्के म्हणजे साडेबारा, म्हणून वरून तेराव्या ओळीवर बोट ठेवायचं. तिथे –१.८ असेल तर १ लाखावर व्हार १,८००.

आता बोटाच्या वर काय आहे ते वाचा. या उदाहरणात वरचे बारा तोटे टक्क्यांत असे धरू: ४.६, ३.९, ३.१, २.८, २.६, २.४, २.३, २.२, २.१, २.०, १.९, १.९. हे बाराही दिवस १,८००च्या पलीकडचे आहेत. त्यांची सरासरी २.६५ टक्के, म्हणजे वाईट दिवस उजाडलाच तर तोटा सरासरी २,६५० आणि या यादीत कमाल ४,६००. या सरासरीला एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल म्हणतात. ती काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी व्हारच्या शेजारी ती क्वचितच लिहिलेली दिसते.

एक प्रयोग करा. पहिल्या ओळीतले ४.६ खोडून तिथे १४ लिहा. व्हार किती झाला? १,८००च. सर्वांत वाईट दिवस तिप्पट वाईट झाला तरी जो आकडा हलत नाही, तो कमाल तोटा सांगणार कसा? व्हारचं खरं वाक्य असं आहे: मागच्या वर्षासारखेच दिवस पुढे आले, तर साधारण २० दिवसांतून एकदा तोटा १,८००हून जास्त होईल. किती जास्त, यावर तो गप्प असतो.

गृहीतक नाही म्हणता, पण वरच्या वाक्यातला ‘तर’ हे गृहीतकच आहे, आणि चांगलं वजनदार आहे. नॉर्मल वितरण मानलं नाही एवढंच या पद्धतीचं खरं श्रेय. त्याऐवजी ती मानते की उद्याचा दिवस त्या २५० दिवसांच्या पिशवीतूनच निघणार. १९ ऑक्टोबर १९८७ला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. आदल्या वर्षाच्या पिशवीत त्याच्या जवळपास जाणारा एकही दिवस नव्हता.

पिशवी लहान आहे हेही विसरू नका. F स्तंभात ते २५० परतावे –१.८% अशा टक्के-स्वरूपात असतील, तर एक्सेल शीटमध्ये लोक सहसा असं लिहितात:

```
=-PERCENTILE.INC(F2:F251,0.05)*100000
```

चौदावा तोटा १.७ धरला तर याचं उत्तर १,८०० नव्हे, १,७५५ येतं. `PERCENTILE.EXC` वापरलं तर १,८४५. दोन्ही फॉर्म्युले दोन ओळींच्या मधला आकडा काढतात, फक्त वेगवेगळ्या जागी. इथपर्यंत फरक किरकोळ आहे. पण `0.05`च्या जागी `0.01` टाका, म्हणजे ९९ टक्क्यांचा व्हार मागा. पहिला फॉर्म्युला २,९५३ देतो, दुसरा ३,४९२. डेटा तोच, पोर्टफोलिओ तोच, आणि फरक पाचशेहून जास्त, कारण त्या टोकाला अडीच दिवसांचाच आधार आहे. म्हणून एका वर्षाच्या डेटावर ९९ टक्क्यांचा व्हार शेवटच्या आकड्यापर्यंत मिरवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

डेटा ‘खरा’ असूनही दोन ठिकाणी हमखास फसवतो. काही जण खात्यातल्या रोजच्या शिलकीवरून परतावा काढतात. मग ज्या दिवशी १०,००० भरले तो दिवस नफ्याचा दिसतो, आणि वर्षापूर्वीचे जुने वाटे आजच्या जोखमीत मिसळतात. वाटे आजचे आणि परतावे जुने, हाच क्रम हवा. दुसरी फसगत शेअर विभागणीची. एकाचे दोन झाले आणि किंमत सुधारून घेतली नसेल, तर त्या तारखेला –५० टक्के दिसतात. गंमत अशी की पहिल्या ओळीत भलता आकडा घुसला तरी व्हार जेमतेम एका ओळीने सरकतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. वरचे पाच-सहा दिवस तारखेसह डोळ्यांखालून घालणं हाच त्यावर उपाय.

तपासणीबद्दल थोडक्यात: ज्या यादीत तेराव्या ओळीवर बोट ठेवलं, तिच्यात त्याच्या वर बाराच निघणार! ही तपासणी नव्हे, मोजणीच आहे. खरी तपासणी पुढे जात होते. आज संध्याकाळी उद्याचा व्हार लिहून ठेवायचा, उद्या प्रत्यक्ष तोटा त्याच्याशी ताडायचा आणि हे रोज करायचं. असे २५० दिवस झाले की साडेबाराच्या आसपास उल्लंघनं, म्हणजे तोटा व्हारच्या पलीकडे गेलेले दिवस, अपेक्षित आहेत. निव्वळ योगायोगानेही ६ ते १९ होऊ शकतात, त्यामुळे १५ झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. २५ झाली तर मात्र आकडा खोटा पडला. बँकांसाठी बाझल समितीचा निकषही याच धर्तीचा आहे: ९९ टक्क्यांच्या व्हारला २५० दिवसांत ४ उल्लंघनांपर्यंत हिरवा पट्टा, ५ ते ९ पिवळा, १० पासून लाल.

संख्येइतक्याच तारखाही बघा. बारापैकी सात उल्लंघनं तीन आठवड्यांत दाटीने आलेली असतील, तर ‘२० दिवसांतून एकदा’ हे त्या तीन आठवड्यांपुरतं चूकच होतं. बाजारात वादळी दिवस एकमेकांना धरून येतात आणि सपाट २५० दिवसांची खिडकी हे ओळखायला उशीर करते, कारण तिच्या लेखी कालचा दिवस आणि अकरा महिन्यांपूर्वीचा दिवस सारखेच.

राहिला २२चा गुणाकार. त्यातून ३९,६०० येतात. त्यासाठी महिनाभर रोज तेरावा वाईट दिवस उजाडायला हवा. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र, चढउतार कायम आणि सरासरी परतावा शून्याजवळ मानला, तर गुणक २२चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.७ आणि उत्तर साधारण ८,४४०. पण वर पाहिलं तसे वाईट दिवस जोडीने आले, तर हा अंदाजही तोकडा पडतो. थेट मासिक परतावे घ्यायचे तर २५० दिवसांत एकमेकांवर न चढणारे जेमतेम ११ महिने निघतात, आणि ११ आकड्यांत ५ टक्क्यांची ओळ पहिल्या ओळीच्याही वर जाते.