बॅटरी म्हातारी होते ती शंभर टक्क्यांवर बसून

"गेमिंग लॅपटॉप सतत चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी ओव्हरचार्ज होऊन फुगते. 100 टक्के झाली की प्लग काढायचा, 20 वर आली की पुन्हा लावायचा. महिन्यातून एकदा बॅटरी पार शून्यावर न्यायची. आणि ती 80 टक्क्यांची लिमिट वगैरे लावू नका, पैसे पूर्ण बॅटरीचे मोजलेत ना?"

ग्वाल्हेरात उन्हाळा तापला की लश्कर भागात राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो. शेवटी 'सर्वांना पाठवा' असतेच.

पहिला मुद्दा ओव्हरचार्जचा. बॅटरीच्या आत तिचे स्वतःचे नियंत्रक सर्किट असते. सेलचे व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे साधारण 4.2 व्होल्टला, पोचले की ते चार्जिंग बंद करते. त्यानंतर लॅपटॉप थेट अ‍ॅडॉप्टरवर चालतो. त्यामुळे प्लग महिनोन्‌महिने लागलेला असला तरी बॅटरीत जास्तीचे काही कोंबले जात नाही.

पण हे ऐकून 'मग काळजीच नको' म्हणणारेही तितकेच चुकतात. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तरी झिजतो. व्होल्टेज चढलेले असले की आतला इलेक्ट्रोलाइट इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी हळूहळू रासायनिक क्रिया करत राहतो. त्यात लिथियम अडकून पडते, क्षमता घटते आणि थोडा थोडा वायूही तयार होतो. फुगते ती त्या वायूने. तापमान वाढले की ही क्रिया झपाट्याने वाढते. बॅटरीच्या जगात नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे: 40 अंश तापमानात 40 टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे 85 टक्के क्षमता उरते, 100 टक्के भरलेली ठेवली, तर सुमारे 65. आता मे महिन्यातली माडीवरची खोली आठवा, बाहेर 45 अंश, आणि त्यात गेम खेळून तापलेला लॅपटॉप. त्याच्या पोटातली बॅटरी 40 अंशांवर जायला वेळ लागत नाही.

माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर हे आकड्यांत दिसले. लॅपटॉप कायम टेबलावर, चार्जर कायम लागलेला. कमांड प्रॉम्प्ट उघडून आम्ही हे टाइप केले:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. DESIGN CAPACITY होती 90,000 mWh, FULL CHARGE CAPACITY 71,100. म्हणजे 79 टक्के उरली, एकवीस टक्के गेली. आणि CYCLE COUNT फक्त 38. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, मग तो एका दमात होवो की तुकड्यातुकड्यांत. 38 सायकलमध्ये चांगल्या बॅटरीची एवढी झीज होत नाही. एवढी क्षमता साधारण काहीशे सायकलनंतर जाते. सायकल कमी आणि क्षमताही कमी, अशी जोडी दिसली की ही बॅटरी वापरून नव्हे, भरलेल्या अवस्थेत उन्हाळे काढून झिजली, असे समजायचे.

आता प्लग काढण्या-लावण्याचा सल्ला. रोज 100 वरून 20 वर आणले तर रोज 0.8 सायकल, वर्षाला सुमारे 290. लॅपटॉपच्या बऱ्याच बॅटऱ्या 300 ते 500 सायकलच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. म्हणजे जपण्याच्या नावाखाली तिचे निम्म्याहून जास्त आयुष्य एका वर्षात संपवायचे! शिवाय बॅटरीवर गेम खेळताना ग्राफिक्स कार्डला लागणारी वीज ती पुरवू शकत नाही, म्हणून लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. फ्रेम पडतात आणि बॅटरीही तापते. गेमिंग लॅपटॉप खेळताना चार्जरलाच असायला हवा.

प्लगला हात न लावता बॅटरी शंभरच्या खाली ठेवणे, एवढेच लिमिटचे काम. 80 टक्क्यांवर सेलचे व्होल्टेज साधारण 4.0 च्या आसपास येते, 60 वर त्याहून खाली. असूसमध्ये ही सोय MyASUS मध्ये Battery Health Charging या नावाने मिळते. लेनोवोच्या Lenovo Vantage मध्ये ती Conservation Mode असते. तिथे आकडा मॉडेलनुसार बदलतो, जुन्यांत साठच्या आसपास, नव्यांत ऐंशीच्या. एमएसआयमध्ये MSI Center मधले Battery Master पाहावे. काही कंपन्यांनी ही सेटिंग बायोसमध्ये ठेवली आहे.

भाच्याला मी 60 लावायला सांगितले, कारण त्याचा लॅपटॉप घराबाहेर जातच नाही. वीज गेली तर काय, हा त्याचा रास्त प्रश्न. त्याच्या बॅटरीत आता पूर्ण भरल्यावर 71 वॅट-तास मावतात, त्याचे 60 टक्के म्हणजे जवळजवळ 43. लिहिण्या-वाचण्याला 15 वॅट धरले, तर पावणेतीन तास सहज. गेम चालू ठेवला तर अर्ध्या तासाच्या आसपास, पण वीज गेल्यावर गेम सेव्ह करून बंद करावा हेच बरे. जो रोज लॅपटॉप कॉलेजला नेतो त्याने 80 ठेवावे. प्रवासाच्या आदल्या रात्री लिमिट काढून 100 करायला कोणी अडवत नाही, म्हणून पैसे वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही.

लिमिट लावल्यावर तीन गोष्टींनी लोक घाबरतात. बॅटरी आधीच 100 वर असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ती आपोआप खाली येत नाही. एकदा प्लग काढून तिला लिमिटच्या खाली आणावे लागते. मग प्लग लावूनही चार्जिंग होत नसल्याचे दिसते, ते अपेक्षितच आहे, दुरुस्तीवाल्याकडे धावू नये. आणि जड गेममध्ये चार्जर लागलेला असून आकडा 60 वरून 55 वर घसरला, तर अ‍ॅडॉप्टर अपुरा पडल्यावर काही लॅपटॉप बॅटरीतून थोडी वीज उसनी घेतात. गेम बंद झाल्यावर आकडा पुन्हा चढायला हवा. चढला नाही, तर अ‍ॅडॉप्टर तपासावा. विंडोज नव्याने टाकले की मात्र हे अ‍ॅप उडते आणि लिमिटही गायब होऊ शकते, तेव्हा पुन्हा पाहावे.

शून्यावर नेण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमला त्याने बळ मिळत नाही, उलट तळाशी खेचलेला सेल दुखावतो. त्यात खरा अंश एवढाच, की महिनोन्‌महिने 60 वर राहिलेल्या बॅटरीचा टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो. 25 दाखवत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडतो. असे झाले, तर एकदा पूर्ण भरून, साधे काम करत खाली आणून, पुन्हा भरावी आणि लिमिट परत लावावी. सुधारतो तो मोजमापाचा अंदाज; गेलेली क्षमता परत येत नाही.

टचपॅड वर उचलला गेला, क्लिक होईना, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर मात्र कोणत्याही सेटिंगच्या भरवशावर राहू नका. ती बॅटरी फुगलेली आहे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, ती दाबू नका, टोचू नका, आणि बदलून घेईपर्यंत पुन्हा चालू करू नका.