मयूर कॉलनी ते पंचवटी, ५४ रुपये

ऑर्डर पडली की आमचा, म्हणजे हॉटेलचं जेवण घरपोच देणाऱ्या रायडरांचा, फोन जो आवाज काढतो, तो घरात कुकर, दाराची बेल आणि धाकटीचं रडणं या तिघांनाही पुरून उरतो. आवाजाबरोबर पडद्यावर एक गोल उमटतो आणि कडेनं झिजू लागतो. तो पुरता झिजेपर्यंत, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात, घ्यायची की नाकारायची ते ठरवायचं. लग्नाच्या वेळी मला विचार करायला चार दिवस मिळाले होते, आणि मुलीकडचे फार घाई करतात म्हणून आमचे काका तेव्हा रुसले होते.

त्या अर्ध्या मिनिटात अ‍ॅप जे सांगतं ते असं: हॉटेलचं नाव, तिथवरचं अंतर, तिथून गिऱ्हाइकापर्यंतचं अंतर आणि मिळणारे पैसे. जे सांगत नाही ते मोठं आहे. जेवण तयार आहे की अजून कांदा चिरायचा आहे, पैसे ऑनलाइन आलेत की रोख घ्यायचेत, चौथ्या मजल्याला लिफ्ट आहे का, आणि वॉचमन गाडी आत सोडतो का. ही माहिती ऑर्डर घेतल्यानंतर हप्त्याहप्त्यानं मिळते.

परतीचं अंतर तर अ‍ॅपच्या भूगोलातच नाही. रायडर डबा पोचवतो आणि तिथेच हवेत विरतो, अशी त्याची समजूत असावी.

परवाचीच ऑर्डर घ्या. शनिवारची संध्याकाळ, पावसाची बुरबूर, आणि आम्ही चौघं कर्वे पुतळ्याजवळच्या अमृततुल्यासमोर गाड्या लावून उभे. फोन कोकलला. हॉटेल कोथरूडच्या मयूर कॉलनीत, एक किलोमीटर. गिऱ्हाईक पाषाणला पंचवटीत, साडेसात किलोमीटर. पैसे ५४.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: कोथरूड आणि पंचवटी यांच्यामध्ये फक्त वेताळ टेकडी आहे. टेकडीवरच्या मोरानं मनात आणलं तर तो पाच मिनिटांत डबा पोचवेल. माणसाला मात्र पौड फाटा, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक आणि मग पाषाण रस्ता अशी टेकडीला लांबलचक प्रदक्षिणा घालावी लागते. टेकडीतून रस्ता आणि बोगदा काढायच्या गोष्टी कित्येक वर्षं चालल्या आहेत. टेकडी वाचवणारे भांडताहेत, आणि तिथली सकाळची हवा खाल्लेला माणूस म्हणून मी त्यांच्या बाजूचा आहे. फक्त संध्याकाळी सात ते दहा या वेळात माझी निष्ठा जरा डळमळते.

आता गणित. एक अधिक साडेसात, आणि रिकामं परत येणं साडेसात, झाले सोळा किलोमीटर. पेट्रोल शंभराच्या वर गेलेलं, माझी गाडी लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये. सोळाचे झाले सदतीसच्या आसपास. चोपन्नातून सदतीस गेले, उरले सतरा. त्यात ऑइल, टायर आणि माझा एक तास. चहा पंधराचा. थोडक्यात, मी दोन रुपये नफ्यासाठी विद्यापीठ चौकात भिजणार होतो.

मग नाकारा ना, असं म्हणणारे लोक नोकरदार असतात. नकार फुकट नसतो. आमच्याकडे त्या दिवशी योजना अशी होती की दिवसभरात ८०० रुपयांचं काम झालं की वर २०० बक्षीस, पण अट अशी की नकार दोनच. तिसरा नकार दिलात की बक्षीस गेलं. म्हणजे पहिला नकार स्वस्त, दुसरा जपून, आणि तिसऱ्याची किंमत रोख २०० रुपये. त्यामुळे आम्ही नकार कारकुनाच्या किरकोळ रजेसारखे साठवतो. सकाळपासून बारीकसारीक अन्याय सोसायचे आणि रात्री दहा वाजता कात्रजच्या पलीकडची ऑर्डर आली की एक रजा टाकायची. दुपारीच दोन्ही उडवून बसलेला रायडर रात्री लांबून ओळखू येतो. फोन वाजला की तो आधी आकाशाकडे बघतो.

माझे दोन्ही शिल्लक होते. मी नाकारली. लगेच अ‍ॅपनं कारण विचारलं. कारणांची यादी तयारच असते: गाडी बंद पडली, अपघात झाला, अंतर जास्त, हॉटेल बंद. “सतरा रुपयांत परवडत नाही” हे कारण यादीत नाही. मी ‘अंतर जास्त’वर बोट ठेवलं. एक नकार खर्ची पडल्याची नोंद झाली.

आणि शेजारच्या बॅटरीवाल्याचा फोन कोकलला.

आमच्यात नावं फारशी चालत नाहीत. हा भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर काम करतो म्हणून बॅटरीवाला. त्याला पेट्रोलची चिंता नाही, पण चार्जिंगचे आकडे तो डॉक्टरनं लिहून दिल्यासारखे सारखे तपासत असतो. “मयूर कॉलनी ते पंचवटी,” त्यानं वाचलं आणि सगळे हसले. तीच ऑर्डर. एकानं नाकारलेली ऑर्डर मरत नाही, ती जवळच्या दुसऱ्या रायडरकडे जाते, आणि जवळचे सगळे रायडर एकाच चहाच्या टपरीवर असतात.

तेवढ्यात पाषाणवाला ओरडला, “अरे, पंचवटी! माझ्या घराशेजारी! मला द्या रे!”

पाषाणवाल्याला दिवसाची शेवटची ऑर्डर घ्यायची होती. रोज रात्री तो घराच्या दिशेची एखादी ऑर्डर पडावी म्हणून वाट बघतो, कारण नाहीतर तेवढे किलोमीटर स्वतःच्या पेट्रोलनं रिकामं जायचं. ज्या ऑर्डरीत मला सतरा सुटत होते, तिच्यात त्याला जवळजवळ पस्तीस सुटत होते, आणि वर वेळेवर घरचं जेवण. ऑर्डर तीच, पैसे तेच. पण ती फोनवरून फोनवर देता येत नाही. एकाच बाकड्यावर बसून आम्ही चहाचे कप सरकवत होतो, ऑर्डर मात्र सरकवता येत नव्हती.

तेव्हा ठरलं, की बाकीच्यांनी नाकारत जायचं, म्हणजे फिरत फिरत ती पाषाणवाल्याकडे येईल. बॅटरीवाल्यानं मित्रासाठी एक नकार अर्पण केला. मित्रासाठी म्हणाला, पण बॅटरी अर्धी होती.

मग ती कॉलेजवाल्या पोराकडे गेली. त्याचा पंथ वेगळा. तो म्हणतो, नाकारायचंच नाही, फोन पालथा ठेवायचा आणि गोल आपोआप झिजू द्यायचा. मग नकार धरत नाहीत. दुसरा पंथ विमान मोडवाल्यांचा आहे. यातलं खरं काय ते अ‍ॅप सांगत नाही, म्हणून पंथ वाढतात. पोरानं फोन पालथा घातला, आवाज विझला. फोन उलटा करून बघतो तर अ‍ॅपनं त्याला लॉगआउट करून टाकलं होतं: तुम्ही उपलब्ध दिसत नाही, थोडी विश्रांती घ्या. विश्रांती किती वेळ, ते नव्हतं लिहिलं.

आता सगळे पाषाणवाल्याच्या फोनकडे बघू लागलो. चहावालाही. फोन गप्प. पाषाणवाल्यानं नेट बघितलं, फोन जरा उंच धरला, पुसला. गप्पच. आणि माझा कोकलला.

मयूर कॉलनी ते पंचवटी. पैसे ६२.

नाकारलेल्या ऑर्डरीला कधीकधी असा भाव येतो. आठ रुपये वाढले होते. माझा एकच नकार उरलेला आणि रात्र सगळी बाकी. हॉटेलात पदार्थ तर कधीचा शिजला असणार, म्हणजे तिथे थांबणं नाही. मी घेतली. पाषाणवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्याच्या स्थळाला मी होकार कळवला होता.

घेतल्यावर दुसरा हप्ता उघडला: गिऱ्हाइकाकडून रोख ६४० रुपये घ्यावेत. तेव्हा कुठे उलगडा झाला. पाषाणवाल्यानं दिवसभराची गिऱ्हाइकांची रोकड अजून भरलीच नव्हती. खिशात कंपनीचे पैसे मर्यादेपेक्षा जास्त झाले, की रोखीच्या ऑर्डरी तुमच्याकडे येणंच बंद होतं. आम्ही नाकारत बसलो असतो तरी ती त्याच्याकडे कधी आलीच नसती. दोन नकार आणि एक लॉगआउट असे वाया गेले. पाषाणवाला म्हणाला, “आत्ता भरतो!” आणि तिथेच बसून शंभराच्या नोटा मोजायला लागला.

हॉटेलवाल्यानं माझं स्वागत “आला का शेवटी” असं केलं. पार्सल काउंटरवर बांधून पडलं होतं, तळाशी तेलाचा डाग. नाकारलेल्या ऑर्डरीचा हा गुण आहे: तिचा उशीर आधीच्या सगळ्यांनी मिळून केलेला असतो आणि नावावर लागतो शेवटच्याच्या. गिऱ्हाइकाला एवढंच कळत असतं, की रायडर शोधतोय, रायडर शोधतोय, रायडर मिळाला. आणि मिळालेला रायडर अजून विद्यापीठ चौकात आहे. तिथे मी किती वेळ होतो ते सांगत नाही. शेजारच्या रिक्षावाल्याची आणि माझी मुलांच्या शाळांबद्दल बोलणी झाली.

पंचवटीतलं गिऱ्हाईक सभ्य होतं. पिन अर्थातच चुकीची होती, ती नेहमीच शेजारच्या गल्लीत असते. तीनदा फोन करून घर सापडलं. आजोबांनी दार उघडलं, पिशवीला हात लावून ती गार असल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, “एवढ्या पावसात कशाला आलात?” मी म्हटलं, “आजोबा, एकच नकार उरला होता.” त्यांनी सुटे चाळीस रुपये मात्र नीट मोजून दिले.

परत निघायचं तर अ‍ॅपचा नकाशा सांगत होता, की इथे काम नाही, गर्दीच्या भागात जा. गर्दीचा भाग म्हणजे कोथरूड. स्वखर्चानं.

एवढ्यात पाषाणवाल्याचा फोन आला. पैसे भरले म्हणाला, लगेच ऑर्डर पडली. मी म्हटलं, “वा! कुठली?”

“धायरी,” तो म्हणाला. “माझे दोन्ही नकार दुपारीच गेलेत. आता जाऊन परत यायला अकरा वाजतील. तू पंचवटीत आहेसच, तर माझ्या घरी अर्धा लिटर दूध देऊन ये ना. सकाळी पोराला लागतं. अगदी जवळ आहे, लोकेशन टाकतो.”

अंतर माहीत नाही, पैसे शून्य, आणि ‘अंतर जास्त’ म्हणायची सोय नाही. मी दूध घेतलं आणि त्यानं पाठवलेल्या पिनवर जाऊन उभा राहिलो. समोर एक बंद रेशन दुकान होतं. घर शेजारच्या गल्लीत निघालं.