सात तारखेचं चलन आणि 'मेंदू आकसतो'चा मेसेज

"गरोदरपणात बाईचा मेंदू आकसतो, हे स्कॅनमध्ये सिद्ध झालंय. म्हणून विसरभोळेपणा येतो आणि तो नंतरही जात नाही. अशा बायकांना ऑफिसात पैशाची, जबाबदारीची कामं देऊ नयेत. रोज बदाम आणि ब्राह्मी द्या, दुसरा उपाय नाही."

हा मेसेज मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर आला. मी एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काम करते आणि दोन्ही बाळंतपणांत आठव्या महिन्यापर्यंत कामावर होते. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी स्कॅन. तो अभ्यास खरा आहे. डिसेंबर 2016 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी पहिलटकरणींचे गरोदरपणाआधीचे आणि बाळंतपणानंतरचे स्कॅन ताडून पाहिले. मेंदूच्या काही ठरावीक भागांतला करडा भाग कमी झालेला दिसला आणि हा फरक दोन वर्षं टिकला. पण हे भाग मुख्यतः समोरच्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित आहेत. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त, असं दिसलं. वयात येतानाही मेंदूत असाच बदल होतो आणि त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. त्याच बायकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्याही घेतल्या होत्या, त्यांत घट सापडली नाही. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच गाळलंय. दोन वर्षं टिकला तो स्कॅनमधला फरक, विसरभोळेपणा नव्हे. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत विसरायला होतं, त्यात तुटक झोपेचा वाटा मोठा असतो.

मग विसरायला होतं हे खोटं का? नाही. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात 20 अभ्यास एकत्र करून पाहिले, 700 हून अधिक गरोदर बायका आणि 500 हून अधिक इतर. स्मरण आणि कामाचं नियोजन यांत फरक सापडला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. पण गुण बहुतांशी सर्वसाधारण मर्यादेतच राहिले. म्हणजे बाईला स्वतःला जाणवतं, पण काम येईनासं होतं असं नाही.

विसरतं काय, हे महत्त्वाचं. माझंच सांगते. दुसऱ्या खेपेला तेहतिसावा आठवडा, 7 ऑगस्ट, जुलैचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, सरकारकडे भरायचा शेवटचा दिवस. रक्कम 46,500. आयकराच्या पोर्टलवर चलन, म्हणजे कर भरण्याचा फॉर्म, तयार केलं, पैसे भरायच्या पानावर आले आणि फोन वाजला. एका सप्लायरचं बिल अडकलं होतं. वीस मिनिटं त्यात गेली. परत आले तर पोर्टल लॉगआउट झालेलं, समोर दुसरी फाइल उघडी. पैसे भरायचे राहिलेत, हे दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये आठवलं. कपात जुलैतली, भरणा ऑगस्टमध्ये. व्याज कपातीच्या तारखेपासून महिन्याला दीड टक्का आणि अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. एका दिवसाच्या उशिराला दोन महिन्यांचं व्याज, 1,395 रुपये.

त्या दिवशी मला कुणी कलम विचारलं असतं, दर विचारला असता, तर झोपेतून उठूनही सांगितला असता. शिकलेलं सगळं जागेवर होतं. निसटलं ते 'थोड्या वेळाने अमुक करायचंय' हे. हा वेगळ्या प्रकारचा स्मरणाचा भाग आहे आणि गरोदरपणात तोच जास्त दगा देतो. शांत खोलीतल्या चाचणीत तो ठीक दिसतो. घरी दिलेलं, ठरल्या वेळी आठवणीने करायचं काम मात्र राहून जातं, असं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं. ऑफिसात तर मिनिटामिनिटाला फोन आणि हाका. म्हणून उपाय डोकं तल्लख करण्याचा नाही, 'नंतर करायचं' हे डोक्यातून बाहेर काढून ठेवण्याचा आहे.

त्यानंतर मी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. काम मध्येच सोडायचं तर फोन उचलायच्या आधी चिठ्ठीवर पुढची पायरी लिहायची. 'टीडीएस' एवढंच लिहून भागत नाही. 'चलन झालं, पैसे भरायचे' असं लिहायचं आणि चिठ्ठी कीबोर्डवरच चिकटवायची. स्क्रीनच्या कडेला दहा चिठ्ठ्या असतात, त्या दोन दिवसांत दिसेनाशा होतात. कीबोर्डवरची बाजूला केल्याशिवाय टाइपच करता येत नाही.

मोबाइलच्या गजराचंही तसंच. सकाळी आठला, बसमध्ये वाजलेला गजर बंद होतो आणि काम विसरलं जातं. तुम्ही पोर्टलसमोर बसलेल्या असाल ती वेळ लावा. मी 7 ऐवजी 5 तारखेला सकाळी अकराचा लावायचे आणि चलन क्रमांक वहीत लिहिल्यावरच बंद करायचे. तोपर्यंत दर दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजायचा. तोंडी सांगितलेलं काम लगेच परत म्हणून दाखवायचं आणि दोन ओळींचा मेल टाकायचा. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवणं, असलं सलग लक्षाचं काम दुपारच्या जेवणाआधी, व्हाउचर फाइल करणं नंतर.

आता तिसरं वाक्य, जे वाचून मला खरंच राग आला. पैशाच्या कामात एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, ही पद्धत बँकांत सगळ्यांनाच लागू असते, गरोदर असो वा नसो. आमच्याकडे ती नव्हती. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, काम काढून घेऊ नका. दर महिन्याच्या 6 तारखेला संध्याकाळी चलनांची यादी कुणीतरी एकदा टिक करून द्यावी, आणि अकरा ते साडेबारा माझे फोन शेजारच्या टेबलवर घ्यावेत." त्यांनी लगेच हो म्हटलं. "मला हल्ली लक्षात राहत नाही" एवढंच म्हटलं असतं तर काम हातातून गेलं असतं. नेमकं काय हवं ते मागितलं की वरिष्ठांनाही देता येतं. काढून घेतलेली जबाबदारी रजेवरून आल्यावर परत मिळवायला किती झगडावं लागतं, हे मी दोन मैत्रिणींचं पाहिलंय.

बदाम खा, त्यात वाईट काही नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी वगैरे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, नैसर्गिक म्हणजे पोटातल्या बाळाला सुरक्षित असं नसतं. आणि 'दुसरा उपाय नाही' हे तर घातक आहे, कारण कधीकधी उपाय रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतो. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या अर्ध्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. माझं तेव्हा 9.2 होतं. लोहाची गोळी मी चहाबरोबर घेत होते, त्यामुळे ती नीट लागूच पडत नव्हती. डॉक्टरांनी ती लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियमची दुसऱ्या वेळेला घ्यायला सांगितली. थायरॉइड आणि बी-12 हेही तपासायला सांगा, खासकरून शाकाहारी असाल तर.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते विसरभोळेपणात जमा करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि विसाव्या आठवड्यानंतर जोराचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होतंय, चेहरा-हात सुजलेत, बोलताना गोंधळायला होतंय, तर चिठ्ठ्या-गजर बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठा आणि रक्तदाब मोजून घ्या.